मदत हवी आहे: ऑयलरचं सूत्र एकानं जुळत नाही, उद्या सकाळी प्रोजेक्ट द्यायचं आहे

वडगावची_आई
मुलगी आठवीत, मराठी माध्यम. पुठ्ठ्याचं मॉडेल करून त्याची पृष्ठे, कडा, शिरोबिंदू मोजायचे आणि F + V = E + 2 जुळवून दाखवायचं आहे. तीन वेळा मोजलं. एका बाजूला २७ येतात, दुसऱ्या बाजूला २६. कुठं चुकतंय? लवकर सांगा, रात्रीचे साडेनऊ वाजलेत.

चिकोडी_एक्सप्रेस
मॉडेल कसलं ते सांगितलंच नाही तर कसं सांगणार?

निपाणीकर७
आमच्या पोराला सिलिंडर आला होता. पृष्ठे ३, कडा २, शिरोबिंदू शून्य. ते पण जुळलं नाही. शाळेत सांगितलं, गोल वस्तूला लावायचं नाही.

वडगावची_आई
गोल काहीच नाही हो. तुळशी वृंदावन केलंय. खाली बुटाचा खोका, त्यावर मधोमध कुंद्याचा छोटा खोका फेव्हिकॉलनं चिकटवलाय. शिरोबिंदू १६, कडा २४, पृष्ठे ११. प्रत्येक कोपऱ्यावर स्केचपेननं नंबर घातलेत, त्यामुळं दोनदा मोजला जायचा प्रश्न नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
मग सोपं आहे. हे सूत्र कुठंही आत खाच न येणाऱ्या आकारालाच लागतं. तुमच्या वृंदावनाला दोन खोक्यांमध्ये खाच पडते. साधा खोका न्या आणि झोपा.

जुना_मास्तर
खाचेचा संबंध नाही. दोन पायऱ्यांचा जिना घ्या, त्यालाही खाच असते. शिरोबिंदू १२, कडा १८, पृष्ठे ८. २० ला २०, नीट जुळतं.

ताई, आधी कडा तपासू. एकेका पृष्ठाच्या बाजू मोजा, बेरीज करा आणि निम्मी करा, कारण प्रत्येक कड दोन पृष्ठांच्या वाट्याला येते. तळ ४, मोठ्या खोक्याच्या चार भिंती १६, लहान खोक्याच्या चार भिंती १६, सगळ्यात वरचं पृष्ठ ४. आता मोठ्या खोक्याच्या माथ्यावर बाजू किती?

वडगावची_आई
४... नाही, आतल्या चौकोनाच्या पण ४. म्हणजे ८. एकूण ४८, निम्मे २४. मग मोजणी बरोबरच आहे की!

जुना_मास्तर
मोजणी बरोबर आहे. घोळ त्या माथ्याचा आहे. त्याच्या कडेवर बोट ठेवा आणि न उचलता सगळी कड फिरून या. बाहेरचा चौकोन फिरून होईल, पण आतल्या चौकोनावर जायला बोट उचलावं लागेल. सूत्राला असं मध्ये भोक असलेलं पृष्ठ चालत नाही. लहान खोक्याच्या एका कोपऱ्यापासून मोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढा आणि ती कड धरा. पृष्ठ एकच राहतं, कडा २५ होतात. २७ ला २७.

चिकोडी_एक्सप्रेस
सर, ही तर पळवाट झाली. पुठ्ठा तिथं दुमडलेला नाही, सपाट आहे. ती कड कशी? अशा रेघा ओढत बसलं तर काहीही जुळेल.

जुना_मास्तर
काहीही नाही. आणखी एक रेघ ओढून बघा. कडा २६ होतील, पण माथ्याचे दोन तुकडे होऊन पृष्ठेही १२ होतील. फरक पडणार नाही. पहिल्या रेघेनं तुकडा पडत नाही, फक्त भोक मोडतं.

निपाणीकर७
आमच्याकडं पोरगं कन्नड माध्यमात, तिथं मुख, शृंग, अंचु. घरात आम्ही शिरोबिंदू म्हटलं की हसतंय.

खानापूर_सुतार
मी फोटोच्या चौकटी करतो. मधे आरपार भोक आहे म्हणजे जुळणार नाही असं वाटलं, म्हणून एक मोजली. शिरोबिंदू १६, कडा २४, पृष्ठे १०. २६ ला २६, जुळलं! मग कोपऱ्यातल्या पंचेचाळीसच्या जोडाच्या रेषा धरून मोजली: १६, ३२, १६. आता ३२ ला ३४. चौकट तीच, मग हे कसं काय?

जुना_मास्तर
लाख बोललात. आरपार भोकामुळं दोन कमी पडतात. जोड न धरता पुढचं आणि मागचं ही दोन्ही पृष्ठे भोकाची, प्रत्येकी एक जास्त देतात. वजा दोन, अधिक दोन, म्हणून योगायोगानं जुळलं. जोडाच्या रेषा धरल्या की पृष्ठे साधी होतात आणि खरी तूट दिसते.

चिकोडी_एक्सप्रेस
म्हणजे जुळलं तरी भरवसा नाही आणि नाही जुळलं तरी मोजणी बरोबर. मग पोरांनी तपासायचं काय?

वडगावची_आई
काका, रेघ स्केचपेननं ओढू की पेन्सिलनं? ती म्हणते बाई विचारतील, "ही कड कुठून आली?" बोट फिरवून दाखवायची तालीम चाललीय. दोनदा विसरून उचललं.

निपाणीकर७
ताई, कुंद्याच्या खोक्याला मुंग्या येतील, आतून पुसून घ्या.