मदत हवी आहे: पिच डेकमधला मजकूर कमी होत नाहीये, सादरीकरण परवा

चाळकरी: मार्गदर्शक म्हणाले, "तू स्लाइड वाचतोयस, बोलत नाहीयेस." पण शब्द काढले की अर्थ जातो. समस्येच्या स्लाइडवर हे आहे:

"उन्हाळी कांदा शेतकरी चार-पाच महिने चाळीत ठेवतात, पण आतल्या थरात सड लागली तरी वरून दिसत नाही, वास येईपर्यंत बराच माल गेलेला असतो आणि पुढे भाव मिळणार असूनही घाईने विकावं लागतं."

लवकर सांगा.

मेघना_पुणे: किती मिनिटं? डेक मेलवरही जाणार आहे का?

बापू७२: अमेरिकन गुंतवणूकदार गाय कावासाकींचा नियम लावा. 10 स्लाइड, 20 मिनिटं, अक्षर 30 पॉइंटच्या खाली नाही. मजकूर आपोआप आटतो.

चाळकरी: 5 मिनिटं. मेलवरही मागितलाय. अक्षर मोठं केल्यावर एवढं उरलं:

आतल्या थरात सड
वास उशिरा येतो
घाईने विकावं लागणे

तरी अडखळतोय.

मेघना_पुणे: पहिली ओळ नुसतं नाम, दुसरी पूर्ण वाक्य, तिसरी अर्धवट. तिन्ही एकाच घडणीच्या करा:

सड आत लागते
वास उशिरा येतो
माल घाईत जातो

आधी काय, मग कुठे, केव्हा किंवा कसं, शेवटी क्रियापद. महिने आणि भाव तोंडी सांगा. ओळी एकेक करून आणा. तिन्ही एकदम दिसल्या तर तुम्ही पहिलीवर असताना लोक तिसरी वाचून मोकळे होतात.

नितीन_ठाणे: पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करा हं. माझी जोडाक्षरं समोरच्याकडे फुटली होती.

बापू७२: शब्द हवेतच कशाला? चाळीचा मोठा फोटो लावा आणि बोला.

मेघना_पुणे: बापू, फोटोत सड दिसत नाही, तीच तर त्यांची अडचण आहे.

चाळकरी: पण "भाव असूनही" गेलं. माझा मुद्दाच तो होता!

मेघना_पुणे: तिसरी ओळ आली की थांबा आणि तेच वाक्य बोला. स्लाइडवर ते असतं तर तुम्हाला बोलायला काय उरलं असतं? मेलवर वाचणाऱ्याला मात्र तुमचा आवाज नसतो. त्या प्रतीत प्रत्येक ओळीखाली एक पूर्ण वाक्य घाला.

बापू७२: दोन प्रती केल्या की एकीतला आकडा बदलतो, दुसरीतला राहतो. माझं तसं झालंय. एकच ठेवा, बाकीचं स्पीकर नोट्समध्ये.

मेघना_पुणे: पीडीएफ साधी एक्सपोर्ट केली की नोट्स जात नाहीत, बापू.

चाळकरी: आत्ता मोठ्याने म्हणून पाहिलं. समस्येची स्लाइड पडद्याकडे न बघता जमली. पण निधीच्या स्लाइडवर एक ओळ रुपयांची, एक महिन्यांची, एक माणसांची. तिथे एक घडण बसतच नाही.

मेघना_पुणे: तिथे ओढूनताणून बसवू नका. रुपयांचा आकडा एकटाच मोठा ठेवा, कानाने ऐकलेला आकडा लक्षात राहत नाही. बाकी दोन ओळी "कशावर खर्च" या एका प्रश्नाची उत्तरं होतात का बघा.

बापू७२: महिने म्हणजे खर्च नव्हे. पैसे किती महिने पुरणार हे वेगळ्या स्लाइडवर हवं.

चाळकरी: म्हणजे अकरावी स्लाइड?