मुलांचं प्रवासवर्णन सुधारताना तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

ताकपोहे: पोरगी आठवीत, सहलीहून आल्यावर रायगडावर दीड पान लिहिलंन. "आम्ही पहाटे पाचला उठलो" पासून "खूप मजा आली" पर्यंत, मधे 'निसर्गरम्य' तीनदा, आणि गड येतो शेवटच्या चार ओळींत! तुमच्याकडे असं लिखाण कसं सुधारलं ते सविस्तर लिहा ना.

खडूफळा: मराठी शिकवते. वहीला लाल पेन लावायच्या आधी मी विचारते, घरी आल्यावर आईला पहिलं काय सांगितलंस? एक मुलगा, रायगडच, म्हणाला, बाई, मित्राने नगारखान्यात कागद फाडला तो मला पार सिंहासनाच्या चौथऱ्याजवळ ऐकू आला. आणि हे वहीत नव्हतंच! म्हटलं इथूनच सुरू कर. त्याने लिहिलं, "टर्र झालं, मी शेजारी बघितलं, कोणीच नव्हतं."

मग आवाज हाच धागा धरला. पायऱ्या चढताना फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता, राजसभेत कुजबूजही पोचते, आणि टकमक टोकावर ओरडलं तरी वारा शब्द घेऊन जातो, शेवट तिथे. बस, डबा, गाईडकडून उतरवलेलं अर्धं पान गेलं, 1674 च्या राज्याभिषेकाची एक ओळ ठेवली, चौथऱ्यापाशी. "पण जगदीश्वराचं मंदिरपण बघितलं ना" म्हणून तो रुसला, तरी काढलं. 'आम्ही'चं 'मी' झालं तसं बोलणं त्याचं वाटायला लागलं. 'मनमोहक' वगैरेसाठी एकच युक्ती, तेच वाक्य लोहगडाला लावून बघायचं, चाललं तर खोडायचं.

बोरूबहाद्दर: सोपं आहे, पाच इंद्रियांचे पाच रकाने करा, प्रत्येकातलं एकेक टाका, झालं वर्णन.

खडूफळा: टिपणं काढायला रकाने चांगले, पण सगळे भरायलाच लावले की मुलं "वाऱ्याची चव गोड होती" लिहितात. मला मिळालंय असं.

घाटवाट: रविवारी रोपवेला रांग असते, त्यापेक्षा चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत त्या सकाळी लवकर चढा.

ताकपोहे: अहो सहल झाली, निबंधाचं विचारतेय 😀

दहावीचाबाप: आमच्याने असंच मधूनच सुरू केलं तर "क्रम नाही" म्हणून मार्क कापले. मग करायचं काय?

खडूफळा: दुसऱ्याच परिच्छेदात कुठे, कधी, कुणाबरोबर हे येऊ दे म्हणते मी. तरी काही जण कापतातच, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

ताकपोहे: आत्ता विचारलं हिला, पहिलं काय सांगावंसं वाटलं. म्हणाली, ताक! गडावर ताक विकणारी मावशी रोज पाचाडहून डोक्यावर हंडा घेऊन चढते म्हणे, आणि हिचे तर रिकाम्या हातानेही गुडघे लटपटत होते. दीड पानात मावशीचा उल्लेख नाही. आता परत लिहायला बसलीय, हिरकणी बुरूज त्यात आणायचा की नको यावरून आमचं भांडण चालू आहे.