तारा एकच, कौतुक मात्र भरभरून: अशा प्रतिक्रियांचं करायचं काय?

कोरा_कागद: प्रशिक्षण वर्गांच्या १२०० प्रतिक्रिया माझ्यासमोर आहेत. पाचपैकी तारे सगळ्यांनी दिलेत, मजकूर फक्त ५०० जणांनी लिहिलाय. मजकुराचा सूर ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून तो काढला, तर ८४ ठिकाणी तारे एक सांगतात आणि शब्द दुसरंच. ६२ जणांनी एक तारा देऊन कौतुक केलंय, २२ जणांनी पाच तारे देऊन तक्रार. साहेब म्हणतात, गोंधळलेल्या ओळी सरळ उडवा. उडवू का?

रामभरोसे: उडवा की राव. १२०० मधले ८४ म्हणजे सात टक्के. ज्याला स्वतःला काय म्हणायचंय ते कळत नाही, त्याचं मत कशाला धरायचं?

चष्मिष्ट: सात टक्के कुठून आले? विसंगती दिसायला मजकूर लागतो आणि तो ५०० जणांचाच आहे. म्हणजे तपासता येण्याजोग्यांपैकी जवळजवळ १७ टक्के. शिवाय उडवल्यावर काय होतं बघा: ६२ खालचे जातात, २२ वरचे जातात, सरासरी आपोआप चढते. साहेबांना ते आवडेल, पण ती साफसफाई नव्हे.

कोरा_कागद, आधी ८४ च्या ८४ हाताने वाचा. एका संध्याकाळचं काम आहे. तारे झाकून वाचा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे वाचायला द्या. तारे दिसत असले की डोळा मजकुरात तेच शोधतो. न जुळणाऱ्यांबरोबर जुळलेल्यांतल्याही पन्नासेक चिठ्ठीने काढून वाचा, कारण यंत्र चुकूनही जुळू शकतं. आणि मूळ ताऱ्यांच्या रकान्याला हात लावू नका, शेजारी नवीन रकाना करून त्यात कारण लिहा.

दुकानदार_भाऊ: माझा अनुभव सांगतो. मी एका पोर्टलवर वस्तू विकतो. ‘वस्तू उत्तम, पण चार दिवस उशिरा आली’ आणि वर एक तारा! उशीर कुरिअरचा, मार मला. तक्रार केली तर पोर्टलवाले म्हणाले, ग्राहकाचं मत आहे. असे खोटे रिव्ह्यू देणाऱ्यांना बंदच केलं पाहिजे.

चष्मिष्ट: भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, पण तो रिव्ह्यू खोटा नाही. माणसाने तारा एका गोष्टीला दिला आणि लिहिलं दुसऱ्या गोष्टीबद्दल. इथे खोट्याचा विषयच नाहीये.

कोरा_कागद: वाचून काढलं. मी आणि ऑफिसातली एक मैत्रीण, दोघींनी वेगवेगळं. नऊ ठिकाणी मतभेद झाले, ते एकत्र बसून मिटवले.

८४ पैकी ३१ यंत्राच्या चुका निघाल्या. ‘कुठेही अडचण आली नाही, कंटाळा तर अजिबात नाही’ हे त्याने तक्रारीत टाकलं होतं. ‘वा, काय सोय! अर्धा तास लॉगिनच होत नाही’ हे कौतुकात. १९ जणांचं दुकानदार भाऊंसारखं झालंय: शिकवणाऱ्याचं कौतुक लिहिलंय आणि एक तारा अ‍ॅपच्या डोक्यावर फोडलाय. पाच जणांनी तर लिहूनच टाकलंय की पाच तारे दिले म्हणजे तुम्ही वाचाल, आता ऐका.

उरल्या २९, त्यांनी मला छळलंय. एक तारा, आणि मजकूर: ‘तुमच्यामुळे पिव्होट टेबल पहिल्यांदा डोक्यात शिरलं, पुढच्या वर्गालाही येणार.’ अशा २६. तीन याच्या बरोब्बर उलट, पाच तारे आणि ‘वेळ वाया गेला’. उपरोध कुठेच नाही.

उंटावरचा_शहाणा: सोप्पं आहे. लोकांनी मोजपट्टी उलटी धरली. एक म्हणजे पहिला नंबर! २६ जणांचे एकाचे पाच करा, विषय संपला.

चष्मिष्ट: निदान बहुतेक बरोबर आहे, औषध मात्र अर्धंच. त्या तिघांनीही पट्टी उलटीच धरली असणार, मग त्यांचे पाचाचे एक का नाही करायचे? फायद्याच्या चुका दुरुस्त करायच्या आणि तोट्याच्या ठेवायच्या, हे आकड्यांशी लबाडी केल्यासारखंच झालं.

कोरा_कागद, फॉर्ममध्ये ताऱ्यांच्या लगेच आधी कोणता प्रश्न होता?

कोरा_कागद: अरे देवा. ‘खालील सत्रांना पसंतीचा क्रम द्या, सर्वांत आवडलेल्याला १.’ पण हा प्रश्न फक्त पहिल्या ६०० फॉर्ममध्ये आधी होता. नंतर कुणीतरी तो शेवटी हलवला. आत्ता पडताळलं: २९ च्या २९ पहिल्या सहाशेतल्या आहेत!

चष्मिष्ट: सापडलं. बोट तेच, सवय तीच: क्रमात १ म्हणजे उत्तम, आणि खालच्याच ओळीत तारे.

आता खरा प्रश्न त्या लोकांचा, ज्यांनी काहीच लिहिलं नाही. पट्टी त्यांनीही उलटी धरली असेल, पण ते पकडायला शब्द नाहीत. मजकूर नसलेल्या प्रतिक्रियांमध्ये दोन्ही फॉर्मची वाटणी शेजारी ठेवून बघा.

कोरा_कागद: दोन्हीकडे मजकूर नसलेल्या ३५० आहेत. एक तारा: पहिल्या फॉर्मात ४१, दुसऱ्यात १२.

रामभरोसे: त्यावरून काय कळतं? सुरुवातीचे वर्ग खरंच वाईट झाले असतील. नंतर शिकवणारे सुधारले. तुम्ही मंडळी फॉर्मवर खापर फोडताय.

चष्मिष्ट: हा आक्षेप रास्त आहे, मनापासून सांगतो. म्हणून तीन तारे बघा. पाचाची पट्टी उलटी केली तर पाचाचा एक होतो, चाराचा दोन होतो, पण तीन तीनच राहतो. वर्ग खरोखर वाईट असते तर लोक पाचावरून थेट एकावर उतरले नसते, मधल्या पायऱ्यांवरही बरेच जण थांबले असते.

कोरा_कागद: तीन तारे: पहिल्यात ३८, दुसऱ्यात ३६. दोन तारे: १९ आणि १४.

रामभरोसे: बरं, मान्य. तरी एकूण सरासरीत फरक किती पडतो? २९ उलटे केले तर ०.०८. एवढ्यासाठी एवढं रामायण?

चष्मिष्ट: एकूण सरासरीत काही नाही. पण हे आकडे शिकवणाऱ्यागणिक लावले जातात ना? तीस जणांच्या तुकडीत चौघांनी पाचाऐवजी एक दिला, तर त्या शिकवणाऱ्याची सरासरी अर्ध्या ताऱ्याहून जास्त खाली जाते.

माझा सल्ला: पहिल्या फॉर्मचे तारे माणसामाणसाच्या तुलनेत वापरूच नका. एकूण सरासरी दोनदा द्या, जशी आहे तशी आणि २९ उलटे करून, आणि पहिल्या सहाशेत मजकूर नसलेल्यांची चूक दुरुस्त करता येत नाही हे खाली लिहा.

उंटावरचा_शहाणा: मग कौतुक लिहिणाऱ्यांवर अन्याय नाही का? त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे, तरी तारे बाजूला. मी तर २९ उलटे करूनच तुलना करेन. माहीत असलेली चूक तशीच ठेवायची हे काही मला पटत नाही.

चष्मिष्ट: मग ज्या तुकडीत लोक जास्त लिहितात तिची चूक दुरुस्त होईल आणि न लिहिणाऱ्या तुकडीची तशीच राहील. शिकवणाऱ्यांची तुलना तिथेच वाकडी होते. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

कोरा_कागद: साहेबांना दोन सरासऱ्या दाखवल्या. म्हणाले, एकच आकडा पाहिजे. त्या ‘अ‍ॅपवर राग’वाल्या १९ जणांचं अजून कुणी बोललंच नाहीये. तिथे वर्गाला वेगळे तारे मागितलेच नव्हते, मग त्यांचे तारे धरायचे कुणाच्या नावावर?

दुकानदार_भाऊ: हेच तर मी मघापासून विचारतोय!