मदत हवी आहे: आईच्या प्लेटलेट्स कधी ३१ हजार, कधी सव्वा लाखाच्या जवळ. खरा आकडा कोणता?

माटोळी:
नमस्कार. आम्ही डिचोलीला असतो. आई ६३ वर्षांची. पित्ताशयात खडे आहेत. गेल्या महिन्यात दोनदा रात्रीची कळ आली, म्हणून चवथीआधी दुर्बिणीचं ऑपरेशन उरकायचं ठरलं. त्याआधीच्या तपासण्यांत प्लेटलेट्स ३१,००० आल्या आणि सगळं थांबलं.

चार दिवसांनी एका खासगी हॉस्पिटलात पुन्हा रक्त दिलं, तर १,१८,०००. मधल्या दिवसांत मावशीने पपईच्या पानांचा रस सुरू केला होता, त्यामुळे घरात सगळे खूश. ऑपरेशनची तारीख पक्की करायला तिसऱ्यांदा तपासलं, रस चालूच होता, तरी ४४,०००. आता डॉक्टर म्हणतात की हाडातल्या मगजाची तपासणी करून घ्या. आई त्या सुईला फार घाबरली आहे. तिला ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, कुठे निळं-काळं पडत नाही. आठ दिवसांत आकडा इतका वर-खाली होतो का? कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

अंत्रुजकर:
पावसाळा आहे, डेंगीच असणार. आमच्या वाड्यावर पाच जणांना झाला. ताप नसतानाही होतो. पपईचा रस सोडू नका, ३१ चे ११८ त्यानेच झाले. तिसऱ्या वेळी रस नीट गाळला नसेल.

माटोळी:
दादा, डेंगीची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. आणि ताप एकदाही आलेला नाही.

काचपट्टी:
बाय, मी फोंड्याला लॅबमध्ये आहे, बावीस वर्षं स्लाइडी बघतोय. रोगाचं नाव शोधण्याआधी मला दोन गोष्टी सांगा. तिन्ही वेळा रक्त किती वाजता काढलं आणि रिपोर्टावर मशीनची वेळ कुठली छापली आहे? आणि तिन्ही रिपोर्टांत पांढऱ्या पेशी किती?

माटोळी:
आता कागद समोर घेऊन बसले.
पहिला: सकाळी ७ ला घरी येऊन मुलगा रक्त घेऊन गेला, बर्फाच्या डब्यात. मशीनची वेळ ११:४०. पांढऱ्या पेशी १२,६००.
दुसरा: हॉस्पिटलातच काढलं, ९:१० ला. मशीन ९:२५. पांढऱ्या पेशी ८,१००.
तिसरा: पुन्हा घरून, ७:१५ ला. मशीन १०:५०. पांढऱ्या पेशी ११,९००.

काचपट्टी:
मला वाटलंच होतं. आकडा रसाने वाढला नाही आणि आजाराने घटला नाही, तो घड्याळाप्रमाणे हलतोय. रक्त नळीत जितका वेळ राहिलं, तितक्या प्लेटलेट्स कमी. आणि प्लेटलेट्स घटल्या की पांढऱ्या पेशी वाढतात, हे तुमच्या लक्षात आलं का? मशीन कण किती मोठा आहे ते बघून मोजतं. दहा-वीस प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून घोळका झाला की मशीनला ती प्लेटलेट वाटतच नाही, ती पांढरी पेशी म्हणून मोजली जाते. म्हणजे एकीकडून वजा, दुसरीकडे जमा.

रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनांची एक जोडी असते, ती कॅल्शियमवर टिकून असते. कॅल्शियम गेलं की ती जरा उघडते आणि एरवी झाकलेला भाग बाहेर येतो. काही माणसांच्या रक्तात नेमक्या त्या भागाला चिकटणारी प्रतिपिंडं असतात, ती प्लेटलेट्स एकमेकींना बांधून टाकतात. आईच्या अंगात ईडीटीए नाही, त्यामुळे तिथे यातलं काहीच घडत नाही. घडतं ते नळीत, आणि रक्त थंड होत गेलं की बहुतेक वेळा अधिक जोरात. बर्फाच्या डब्याने भर घातली असणार. साधारण हजारात एका माणसाच्या रक्तात हे दिसतं.

पण हा माझा अंदाज झाला. स्लाइड बघितल्याशिवाय कोणी खात्री देऊ नये. पहिल्या रिपोर्टाखाली स्मिअरबद्दल काही लिहिलंय का?

माटोळी:
फक्त "प्लेटलेट्स कमी" एवढंच.

काचपट्टी:
मग स्लाइडची शेपटी बघितलेली नाही. सांगतो, म्हणजे तिथे गेल्यावर काय मागायचं ते कळेल.

काचेवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या काचेने पुढे ओढला की सुरुवातीला जाड थर, मग पातळ, आणि शेवटी पिसासारखी विरळ कड उरते. पेशी मोजायला आपण मधला पातळ भाग बघतो, शंभराच्या भिंगाखाली तेल लावून. पण घोळके जड असतात, ओढताना ते पुढे वाहत जातात आणि त्या पिसासारख्या कडेला आणि बाजूंच्या काठांना जाऊन बसतात. मधला भाग बघणाऱ्याला प्लेटलेट्स खरोखरच विरळ दिसतात, तो प्रामाणिकपणे "कमी" लिहितो. म्हणून आधी दहाच्या भिंगाने शेपूट चाळायची. तिथे जांभळट दाणेदार पुंजके दिसतात, चिमूटभर रांगोळी सांडावी तसे. मग शंभराचं भिंग लावलं की एकेक दाणा म्हणजे एकेक प्लेटलेट, कडा शाबूत, हे कळतं. कधी त्या पांढऱ्या पेशीभोवती फेर धरूनही बसतात, तोही ईडीटीएचाच एक प्रकार.

रक्त काढताना शीर नीट सापडली नाही, हळूहळू आलं, नळी हलवून मिसळली नाही, तर रक्त गोठायला लागून तसेच पुंजके होतात. त्यात दाण्यांमध्ये धाग्यांचं जाळं दिसतं, आणि नळीत लाकडी काडी फिरवली की गुठळी काडीला येते. तशी नळी टाकून द्यायची आणि पुन्हा रक्त घ्यायचं. मशीनच्या पडद्यावर PLT Clumps? असा इशारा येतो. पण इशारा आला नाही म्हणजे घोळके नाहीत, असं मी कधी धरत नाही.

म्हापशेकर:
एवढं कशाला? बोटाला टोचून थेट काचेवर थेंब घ्या, ईडीटीए नाहीच. त्यात घोळके दिसले तर निदान पक्कं.

काचपट्टी:
दादा, नेमकं उलटं होतं. बोटाच्या रक्तात गोठण थांबवणारं काहीच नसतं, त्यामुळे तुमच्या-माझ्या थेंबातही प्लेटलेट्स घोळक्यानेच दिसतात. त्यावरून प्लेटलेट्स पुरेशा आहेत का एवढा अंदाज येतो, आणि तो उपयोगाचा आहे. पण ईडीटीएवर आळ घालायला तो पुरावा चालत नाही.

माटोळीबाय, आता हे करा. लॅबमध्ये स्वतः जा, घरी मुलगा बोलावू नका. एकाच वेळी दोन नळ्या घ्यायला सांगा. आधी निळ्या टोपणाची सायट्रेटची, मग जांभळी. निळी नळी रेषेपर्यंत भरलीच पाहिजे. तीत ०.३ मिली द्रव आधीच असतो आणि २.७ मिली रक्त येतं. रक्त कमी आलं तर ते जास्त पातळ होतं आणि आकडा खोटा कमी लागतो. दोन्ही नळ्या लगेच मशीनवर, मग दोन तासांनी पुन्हा दोन्ही. निळीतल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण तीत रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. निळीतून फक्त प्लेटलेट्स घ्या. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी जांभळीतल्याच, ताज्या असतानाच्या.

शेवंती:
हे वाचून खूप बरं वाटलं. मला सातवा महिना आहे, प्लेटलेट्स ९६,००० आल्या. म्हणजे माझाही आकडा खोटाच असेल ना?

काचपट्टी:
शेवंतीबाय, तसं धरून चालू नका. गरोदरपणात प्लेटलेट्स खरोखर कमी होऊ शकतात, आणि त्यामागे रक्तदाबाचा आजारही असू शकतो. डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं असं काही असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. नसलं तरी स्लाइड बघून घ्या. घोळके नसतील तर आकडा खरा आहे असंच समजायचं.

वाळवंटीकाठ:
माझ्या भावाचं सांगतो. त्याची सायट्रेटमध्येही गुठळी झाली, ६०,००० आलं. त्यामुळे निळी नळी म्हणजे हमखास उत्तर नाही.

काचपट्टी:
बरोबर आहे, काही जणांत सायट्रेटमध्येही घोळके होतात. मग नळी ३७ अंशांवर गरम ठेवून लगेच मोजतात, तरी काहींच्या बाबतीत त्यानेही सुटत नाहीत. अशा वेळी मी बोटाचं रक्त थेट अमोनियम ऑक्झलेटमध्ये मिसळून न्यूबाउअरच्या खणांत भिंगाखाली हाताने मोजतो. वेळखाऊ काम, पण लगेच केलं तर घोळके व्हायला अवधीच मिळत नाही.

माटोळी:
आज जाऊन आले. समोर उभी राहून वेळा लिहून घेतल्या.

जांभळी, ५ मिनिटांनी: १,५२,०००. तीच नळी दोन तासांनी: ३९,०००.
निळी, ५ मिनिटांनी: १,७२,०००. दोन तासांनी: १,७०,०००.

तिथल्या ताईंनी मला भिंगातून बघू दिलं. दोन तासांच्या जांभळ्या नळीची स्लाइड, अगदी शेपटीला. काचपट्टीबाब, खरंच रांगोळी सांडल्यासारखी दिसत होती, एका ठिकाणी एवढा मोठा पुंजका की भिंगाचं वर्तुळ अर्धं भरलं. मग त्यांनी निळ्या नळीची दाखवली, तिच्यात सुटे सुटे ठिपके. नळीत काडी फिरवली, गुठळी नव्हती. आई बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "म्हणजे ती हाडातली सुई नाही ना?"

काचपट्टी:
१,७२,००० गुणिले १.१ म्हणजे १,८९,२००. ऑपरेशनला पुरेशा आहेत. पाच मिनिटांतच जांभळी निळीच्या मागे पडली, म्हणजे चिकटणं लगेच सुरू होतं. हॉस्पिटलातले १,१८,००० सुद्धा पंधरा मिनिटांत खाली आलेले होते. रिपोर्टावर "ईडीटीएमुळे घोळके, सायट्रेटमधला दुरुस्त आकडा" असं लिहून घ्या आणि तो कागद आईच्या पर्समध्ये कायम ठेवा. हे वर्षानुवर्षं राहू शकतं, पुढच्या प्रत्येक लॅबमध्ये हाच घोळ होईल.

माटोळी:
एक अडचण आहे. लॅबच्या संगणकात १.१ ने गुणून आकडा टाकायची सोय नाही, म्हणून छापील रिपोर्टावर ३९,००० च आलंय आणि खाली ताईंनी पेनाने लिहून सही केली आहे. सर्जन मानायला तयार आहेत. भूल देणारे डॉक्टर म्हणतात की पेनाने लिहिलेलं चालणार नाही, पॅथॉलॉजिस्टांच्या सहीचं वेगळं पत्र आणा. ते डॉक्टर गुरुवारी येतात. कोणाला असं पत्र मिळालंय का, त्यात नेमकं काय लिहिलेलं असतं?

वाळवंटीकाठ:
भावाच्या वेळी पत्रात दोन्ही नळ्यांचे आकडे, दोन्ही वेळा आणि स्लाइडवर काय दिसलं ते एवढंच होतं. पण ते दुसरं हॉस्पिटल होतं, इथले मानतील का ते सांगता येत नाही.

काचपट्टी:
वेळा नक्की घालायला सांगा. आणि ऑपरेशनच्या सकाळी ते पुन्हा रक्त घेतील, तेव्हा निळी नळी तुम्हीच आठवण करून मागा.