उत्तर: नंतर दिलेली टिप कुठे अडकते
> ऑर्डर पोचल्यावर टिप दिली, माझे पैसे कापले गेले, पण रायडरच्या ॲपमध्ये दिसत नाहीत. मधे कुठे अडकतात?

ऑर्डरचं पेमेंट तोवर पूर्ण झालेलं असतं, त्यामुळे नंतरची टिप सहसा त्यात मिसळत नाहीत. तो वेगळा व्यवहार असतो. समजा बिल 300 आणि टिप 40. स्टेटमेंटवर 340 नाही, 300 आणि 40 अशा दोन नोंदी दिसतील.

बँकेने 40 मंजूर केले की पेमेंट गेटवे, म्हणजे बँक आणि ॲप यांच्यामधली पेमेंट हाताळणारी सेवा, ॲपच्या सर्व्हरला निरोप पाठवतो. त्यानंतरच रायडरच्या खतावणीत 40 जमा होतात. हा निरोप हरवला, की नेमकं तुमच्यासारखं होतं: इकडे पैसे कापलेले, तिकडे शून्य. म्हणून सर्व्हरने निरोपाची वाट बघत न बसता अडकलेल्या व्यवहारांची स्थिती गेटवेला अधूनमधून स्वतः विचारायला हवी. उलट, तोच निरोप दोनदा आला तर 80 जमा होऊ नयेत म्हणून व्यवहार क्रमांक आधी तपासतात. (ही तपासणी विसरणारे बरेच आहेत.)

रायडरच्या ॲपमध्ये दिसलं तरी ती फक्त नोंद असते. बँकेत रक्कम पुढच्या पेआउटला, कमाईबरोबर जाते. तक्रार करताना ऑर्डर क्रमांकासोबत टिपचा व्यवहार क्रमांकही द्या.