‘बघू’ म्हणणे थांबवा

“मावसभाऊ प्रत्येक भेटीत डायरेक्ट सेलिंगची योजना काढतो, नाते न दुखावता नकार कसा द्यावा?”

अशीच योजना घेऊन येणाऱ्या माझ्या मेहुण्यांना मी वर्षभर ‘बघू’ म्हणत राहिलो आणि त्यांनी त्याचा अर्थ दर वेळी ‘पुन्हा विचारा’ असाच घेतला. अखेर मी त्यांनाच वहीत महिन्याचा हिशेब मांडायला सांगितला: स्वतःच्या नावावर घेतलेला माल ४,००० रुपयांचा, कमिशन ९०० रुपये आणि योजनेत सभासद नसलेल्या गिऱ्हाइकाला विकलेली एकच टूथपेस्ट, उरलेले डबे पलंगाखाली. ते गप्प झाले, रागावले मात्र नाहीत. २०२१च्या थेट विक्री नियमांनुसार विक्रेत्याने पूर्वपरवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नसते, हेही मी हसत सांगितले. उपयोगी वस्तू एकदा रोखीने घ्यावी, पण आधार-पॅनची प्रत कदापि देऊ नये.