करार संपायच्या आत निघायचं आणि बदली मुलगी द्यायची: आधी कोणाला सांगायचं, जबाबदारी कुठवर?

केतकी
कर्वेनगरला टू-बीएचकेत आम्ही तिघी राहतो. भाडं २७,०००, डिपॉझिट ८१,०००, दोन्हींत तिघींचा सारखा वाटा. करार एकच, तिघींच्या नावाने, १ जूनपासून अकरा महिन्यांचा. सहा महिने लॉक-इन, त्यानंतर एक महिन्याची नोटीस. मला बंगळुरूला नोकरी लागली, १ डिसेंबरला रुजू व्हायचंय. आज २० ऑक्टोबर. ऑफिसमधली एक मुलगी माझ्या जागी यायला तयार आहे. आधी घरमालक काकांना सांगू की मैत्रिणींना? आणि ती राहायला आली की मी मोकळी ना?

अमेय
काकांना महिन्याची नोटीस दे आणि नीघ. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपतोय, म्हणजे तारीख अगदी जुळतेय. बदली माणूस देणं हा चांगुलपणा झाला, बंधन नाही. आणि अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणीसुद्धा लागत नाही, म्हणूनच तर सगळे अकरा महिन्यांचा करतात. एवढं काय घाबरायचं?

मीनल
अमेय, मी मागे राहिलेल्यांपैकी आहे, म्हणून मला हे अजिबात पटत नाही. सिंहगड रोडला आम्ही चौघी होतो. एकीने आधी मालकीणबाईंना फोन केला आणि ती जाणार हे आम्हाला त्यांच्या तोंडून कळलं. मग तिनेच एक मुलगी आणली, त्या मुलीने डिपॉझिटचा वाटा तिला परस्पर यूपीआयने दिला, आम्हीही मान डोलावली. पाच महिन्यांनी घर सोडताना रंगाचे आणि तुटलेल्या सिंकचे पैसे कापले. नवी म्हणाली, मी आले तेव्हा सिंक तुटलेलंच होतं. जुनी म्हणाली, मी माझे पैसे घेऊन कधीच बाहेर पडले, मला विचारू नका. शेवटी आम्ही तिघींनी भरले. आधी घरात सांग, केतकी. आजच.

सागर
काका मुदतीआधी घर रिकामं करायला सांगतायत का? लॉक-इनमध्ये ते काढू शकत नाहीत, सरळ पोलिसांत जा.

वैशालीताई
सागर, तिला कोणी काढत नाहीये, ती स्वतःच निघालीय.

मी भाडेकरार नोंदवायचं काम करते, बायोमेट्रिकचं यंत्र घेऊन घरोघरी जाते. अमेयचा लॉक-इनचा हिशोब बरोबर आहे. नोंदणीचं मात्र चुकलं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार तीन महिन्यांचा असो की अकरा, तो लेखी आणि नोंदवलेलाच लागतो; १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. ती जबाबदारी मालकावर आहे.

आता मुद्द्याचं. केतकी, करार काढून बघ. भाड्याच्या जागी बहुतेक २७,००० ची एकच रक्कम असेल. तुझे ९,००० हे तुम्ही तिघींनी आपसात ठरवलेलं. असं मिळून घेतलेलं देणं, करारात वेगळं काही नसेल तर, मालक कुठल्याही एकीकडून पूर्ण मागू शकतो. करार कायद्याच्या कलम ४३ मध्ये ते आहे. ज्या एकीने भरलं तिने मग बाकीच्यांकडून वाटे वसूल करायचे. म्हणजे नवी मुलगी बॅगा घेऊन आली, तुझ्या खोलीत झोपायला लागली, तरी कागदावर तू आहेस आणि ती नाही. जानेवारीत तिने भाडं थकवलं तर फोन बंगळुरूला येऊ शकतो. तू मोकळी होशील ती कागद बदलल्यावर.

नोटिशीचे शब्द जपून लिही. ते कलम सहसा अख्ख्या घराबद्दल असतं. मागे एका मुलाने ‘आम्ही ३० तारखेला घर सोडतोय’ असं लिहिलं आणि मालकाने दुसऱ्या दिवशी एजंटला फोन करून घर दाखवायला सुरुवात केली. आत राहणाऱ्या दोघांना पत्ताच नव्हता. तू असं लिही: ‘मी एकटी ३० नोव्हेंबरला निघते आहे. बाकी दोघी राहणार आहेत. माझ्या जागी एक मुलगी सुचवते आहे, तुम्हाला पसंत असल्यास तिच्या नावासह नवा करार करू.’ मैत्रिणींना दाखवून मगच पाठव, आणि ३१ ऑक्टोबरच्या आत जाऊ दे.

खर्च फार नाही. उरलेल्या पाच महिन्यांचाच नवा करार केलात, तर भाडं १,३५,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं पाच महिन्यांचं व्याज ३,३७५. या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. नोंदणी फी हजार, वर करून देणाऱ्याची मजुरी. निघते तू आहेस, तेव्हा हा खर्च तू उचलावास असं मला वाटतं.

शिरीष, कोथरूड
माझा फ्लॅट भाड्याने असतो, म्हणून मालकाची बाजू सांगतो. मुलगी सुचवायचा हक्क केतकीचा, ठरवायचा मालकाचा. एकदा मी नुसत्या शब्दावर बदली मुलगा घेतला. वर्षाअखेरीस मूळच्या तिघांतला एकच उरला होता, आणि सोसायटीचे सेक्रेटरी मला विचारत होते की लिफ्टमध्ये भेटतात ते कोण. पोलिसांकडे दिलेल्या माहितीत त्यांची नावं नव्हती. आता मी एकतर कागद बदलतो, नाहीतर उरलेल्यांनी पूर्ण भाडं भरायचं.

अमेय
शिरीषकाका, नोंदणीचं माझं चुकलं, मान्य. पण चांगली मुलगी समोर उभी असताना मालकाने उगाच नाही म्हटलं आणि वर नुकसानही मागितलं, तर ते कसं चालेल? आपलं नुकसान कमी करायचा प्रयत्न त्यालाही करावा लागतो.

वैशालीताई
घर पूर्ण रिकामं पडलं असतं तर तुझा हा मुद्दा वजनदार ठरला असता. इथे दोघी आत राहतायत आणि काकांना २७,००० मिळत राहणार. भोक पडणार ते या दोघींच्या खिशाला. म्हणून खरी बोलणी काकांशी नाहीत, घरातच आहेत.

केतकी
काल रात्री दोघींना सांगितलं. एक लगेच हो म्हणाली. दुसरी गप्प बसली आणि मग म्हणाली, ती मुलगी नाइट शिफ्टला असते, पहाटे चारला कुलूप उघडणार, माझी खोली दाराला लागून आहे. तिचं खोटं नाही. रविवारी ती मुलगी घरी जेवायला येतेय. डिपॉझिटचं असं ठरतंय की तिने २७,००० काकांना द्यायचे, काकांनी भिंती, नळ, गीझर बघून माझे मला परत करायचे. पण दोघींनी तिला नको म्हटलं, तर डिसेंबरचे ९,००० कोणाचे?

मीनल
तुझेच. घर तिघींनी मिळून घेतलं होतं, आणि जायचं तू ठरवलंस. निदान एक महिना तरी.

अमेय
नाही पटत. धडधाकट पगाराची, वेळेवर भाडं देणारी मुलगी आणून दिल्यावर नकार देणाऱ्यांनी त्याची किंमतही उचलावी. केतकीने फार तर अर्धे द्यावेत.

मीनल
पहाटे चारला कडीचा आवाज तुला ऐकायचा नाहीये, अमेय.

वैशालीताई
याला कायद्यात तयार उत्तर नाही, तुमच्यात काय ठरलं होतं त्यावर आहे. केतकी, रविवारच्या आधी दोघींना विचार की किती दिवस शोधायला लागतील, आणि तेवढ्या दिवसांचा आकडा तिघींच्या ग्रुपवर लिहून ठेव. निघायच्या दिवशी वीजमीटरच्या रीडिंगचा फोटोही तिथेच टाक. आणि वायफाय कोणाच्या नावावर आहे?

केतकी
माझ्याच. हे डोक्यातच आलं नव्हतं.